‘कपॅसिटी’ कोणाची? पिणाऱ्याची की जागेची?

सवय आणि ज्ञान यांच्या नात्याबद्दल आपण बोलतो आहोत. आज जरा वेगळ्या अंगानं जाऊ. दारू पिणाऱ्यांच्या बोलण्यात एक शब्द हटकून येतो: ‘कपॅसिटी’. ‘माझी कपॅसिटी चार पेगची आहे,’ असं माणूस अशा थाटात सांगतो, जणू आपली उंची किंवा बुटाचा नंबरच सांगतोय. म्हणजे ही त्याच्या अंगातली एक कायमची गोष्ट आहे, तो जिथं जाईल तिथं ती त्याच्याबरोबर जाणार. हीच समजूत आज आम्हाला तपासून पाहायची आहे. कारण याच माणसाला नेहमीच्या बैठकीत तीन पेगांनी काही होत नाही, आणि परगावच्या लग्नात, अनोळखी हॉलमध्ये, तेवढ्याच तीन पेगांनी त्याचा तोल जातो. मग लोक म्हणतात, माल भेसळीचा असेल, पोट रिकामं असेल. तसं असूही शकतं. पण माल तोच, पोट भरलेलं, तरीही असं होऊ शकतं. ते का होतं, हे कळायला विसावं शतक बरंच उलटावं लागलं.

गोष्टीची सुरुवात अर्थातच पावलॉव्हपासून. घंटा आणि लाळ गाळणारा कुत्रा सगळ्यांना माहीत आहे. पण अभिसंधित प्रतिक्षेपांवरची त्यांची व्याख्यानं १९२७ साली इंग्रजीत आली, त्यांत आणखी एक प्रयोग आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. ताश्कंदच्या क्रिलॉव्ह या संशोधकानं कुत्र्यांना रोज मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं. मॉर्फिननं कुत्र्याला मळमळतं, लाळ सुटते, उलटी होते आणि मग झोप लागते. पाच-सहा दिवसांनी असं दिसलं की, सुई टोचायच्या आधीच, नुसती तयारी पाहून, कुत्र्याला मळमळायला लागतं. म्हणजे औषध रक्तात जायच्या आधीच शरीरानं ते ‘ओळखलं’ होतं.

इथं आम्हाला डेव्हिड ह्यूमची आठवण होते. १७४८ सालच्या आपल्या ग्रंथात त्यानं म्हटलं होतं की, ज्योत दिसली की आपण उष्णतेची अपेक्षा करतो ती तर्कानं नव्हे, सवयीनं. दोन गोष्टी वारंवार जोडीनं आल्या की पहिली दिसताच मन दुसरीकडे धावतं. ह्यूम मनाबद्दल बोलत होता. क्रिलॉव्हच्या कुत्र्यांनी दाखवलं की जठर आणि लाळग्रंथीसुद्धा असंच अनुमान करतात.

पण यातून दारूचं कोडं सुटत नाही, उलट वाढतं. ओळखीच्या जागेनं नशेचीच लक्षणं आधी येत असतील, तर ओळखीच्या ठिकाणी दारू जास्त चढायला हवी. अनुभव तर उलटा आहे. हा गुंता सोडवला कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या शेपर्ड सीगल यांनी, १९७५ च्या सुमारास.

त्यांचा विचार साधा होता. अल्कोहोल शरीरात काय करतं? उदाहरणार्थ, कातडीच्या रक्तवाहिन्या सैलावतात, अंग गरम वाटतं, पण प्रत्यक्षात उष्णता बाहेर जाते आणि शरीराचं तापमान उतरतं. हा झाला अल्कोहोलचा धक्का. शरीर गप्प बसत नाही. तापमान पुन्हा जागेवर आणण्यासाठी ते उलट दिशेनं जोर लावतं. सीगल म्हणाले की शरीर शिकतं ते हा उलट जोर. पुन्हा पुन्हा त्याच खोलीत, त्याच वासात, त्याच वेळी अल्कोहोल आलं, की ती खोली म्हणजेच सूचना ठरते. पहिला घोट घ्यायच्या आधीच शरीर कंबर कसून तयार असतं. मग धक्का बसतो, पण अर्धा अडवला जातो. बाहेरून पाहणारा म्हणतो, ‘काय पचवतो बघा!’

आता कुणी म्हणेल, ही नुसती कल्पना झाली. सवयीनं सहनशक्ती वाढते ते यकृत आणि मज्जापेशी बदलतात म्हणून. त्यात खोलीचा काय संबंध? शंका रास्त आहे. तिचं उत्तर १९७९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ले, पूलोस आणि कॅपेल यांनी दिलं. तो प्रयोग नीट समजून घेण्यासारखा आहे.

त्यांनी उंदरांना एका खास, वेगळ्या खोलीत अल्कोहोल टोचलं. इतर दिवशी, नेहमीच्या खोलीत, टोचलं ते नुसतं मिठाचं पाणी. सुरुवातीला खास खोलीत उंदरांचं तापमान चांगलंच उतरायचं. पुढे पुढे कमी उतरायला लागलं. म्हणजे त्यांची ‘कपॅसिटी’ वाढली. मग एके दिवशी जागेची अदलाबदल केली. तेच उंदीर, तेवढंच अल्कोहोल, पण खोली मिठाच्या पाण्याची. झालं काय? कमावलेली सहनशक्ती बरीचशी गायब. यकृत तर तेच होतं, मज्जापेशी त्याच होत्या. बदलली होती फक्त खोली.

त्याहून बोलका भाग पुढे आहे. अल्कोहोलच्या खोलीत उंदरांना मिठाचं पाणी टोचलं, तेव्हा त्यांचं तापमान वर चढलं. अडवायला धक्काच नव्हता, म्हणून शरीरानं आधीच लावलेला उलट जोर उघडा पडला. जुन्या अड्ड्यावरून जाताना दारू सोडलेल्या माणसाला अस्वस्थ का वाटतं, घशाला कोरड का पडते, याचं एक उत्तर इथं आहे. शरीर येणाऱ्या दारूला तोंड द्यायला उभं राहिलेलं असतं आणि दारू येत नाही.

हे किती जिवावर बेतू शकतं, ते सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवलं. तिथं दारू नव्हे, हेरॉइन होतं. हेरॉइनची सवय लावलेल्या उंदरांना शेवटी एक मोठा डोस दिला. ज्यांनी आधी कधी हेरॉइन घेतलंच नव्हतं, त्यांतले ९६ टक्के मेले. सवयीच्या खोलीत डोस मिळालेल्यांपैकी ३२ टक्के मेले. आणि सवय तेवढीच, पण खोली वेगळी, अशांपैकी ६४ टक्के. नुसत्या जागेनं मृत्यूचं प्रमाण दुप्पट केलं. मात्र हा आकडा दारूला लावायचा नाही, पदार्थ वेगळा आहे. यंत्रणेची जात तेवढी तीच.

‘माणसांचं काय?’ असं तुम्ही विचाराल. माणसांवर प्राणघातक प्रयोग करता येत नाहीत, पण सौम्य प्रयोग झालेले आहेत. १९९७ साली इंग्लंडमध्ये रेमिंग्टन आणि सहकाऱ्यांनी अधूनमधून पिणाऱ्या लोकांचे दोन गट केले. एकाला बिअर दिली, दुसऱ्याला पेपरमिंटच्या चवीचं निळं पेय. अल्कोहोल दोन्हींत सारखंच. चाचण्यांत निळं पेय प्यायलेले जास्त अडखळले. म्हणजे सूचना खोलीच देते असं नाही. चव, रंग, ग्लास, सोबतीची माणसं, चखण्याची बशी, यांतलं काहीही ती देऊ शकतं. म्हणूनच गोड, रंगीत, अनोळखी कॉकटेल ‘लागत नाही’ म्हणून घेतलं जातं आणि अंदाज चुकवतं.

इतपत ऐकून कुणी म्हणेल, ‘मग ओळखीच्या जागीच प्यावं, म्हणजे सुरक्षित!’ खरी फसगत इथंच आहे, म्हणून थोडा हिशोब करू.

समजा, सत्तर किलो वजनाचे एक गृहस्थ आहेत. नेहमीच्या परमिट रूममध्ये, नेहमीच्या टेबलावर, दोन तासांत ते व्हिस्कीचे दोन लार्ज घेतात. लार्ज म्हणजे ६० मिलिलिटर, एकूण १२०. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे सुमारे ५१ मिलिलिटर, वजनानं ४० ग्रॅम. स्वीडनच्या विडमार्क यांनी १९३२ साली मांडलेल्या पद्धतीनं पुरुषाच्या वजनाला ०.६८ नं गुणायचं. ४८ किलो आले. ४० ग्रॅम त्यात वाटले की १०० मिलिलिटर रक्तात ढोबळमानानं ८५ मिलिग्रॅम अल्कोहोल येतं. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम निकालात काढतं. दोन तासांचे ३० वजा करा, उरले ५५. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे गृहस्थ मर्यादेच्या पावणेदोनपटीच्याही वर आहेत.

आता बघा, या हिशोबात खोली कुठे आली? कुठेच नाही. ओळखीचं टेबल रक्तातला एक मिलिग्रॅमही कमी करत नाही. ते फक्त त्यांना वाटणारी नशा कमी करतं. आणि ‘मला चढली आहे का’ हे माणूस ठरवतो ते या वाटण्यावरून. म्हणून ते बिल देताना स्वतःला शुद्धीत समजतात, बोलतातही नीट, आणि चाव्या हातात घेतात. मग ती जागा सोडून अंधाऱ्या रस्त्यावर येतात. त्यांचं शरीर दारूला तोंड द्यायला शिकलं होतं ते टेबलापाशी, स्टिअरिंगपाशी नव्हे. बाहेर पडल्यावर तो आधार सुटत असावा, हे आमचं अनुमान आहे. पण ते चुकीचं ठरलं तरी ५५ चे ३० होत नाहीत.

दुसरी फसगत संथ आहे. चढत नाही म्हणून दोनाचे तीन होतात, तिनाचे चार. अभिसंधान मेंदूला झळ कमी पोहोचू देतं. यकृताला तसा कुणी आडोसा नाही. त्याला सगळेच्या सगळे ग्रॅम भोगावे लागतात.

मर्यादाही सांगायला हव्यात. सहनशक्तीचा सगळा उलगडा अभिसंधानानं होत नाही. नियमित पिणाऱ्याचं यकृत अल्कोहोल लवकर जाळायला लागतं, मज्जापेशीही बदलतात, आणि ते बदल माणसाबरोबर परगावी जातात. अभिसंधान हा त्यावरचा एक थर आहे. अडचण अशी की पिणाऱ्याला आतून हे थर वेगळे कळत नाहीत. त्याला एकच आकडा जाणवतो, आणि त्याला तो ‘माझी कपॅसिटी’ म्हणतो.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत ही गुण आणि संबंध यांची गल्लत आहे. उंची हा माणसाचा गुण आहे. कपॅसिटीचा मोठा भाग मात्र त्या माणसाचा आणि जागेचा संबंध आहे. जागा काढून घेतली की तो भागही जातो. म्हणून नव्या जागी, नव्या पेयानिशी, जुना आकडा चालत नाही. आणि जुन्या जागी स्वतःला विचारायचा प्रश्न ‘मला कसं वाटतंय’ हा नाही, ‘किती ग्रॅम गेले आणि किती तास झाले’ हा आहे. घरी ओतताना मापानं ओतलं, तरच त्याचं उत्तर देता येतं.

आज इथं थांबू. पुढच्या वेळी ह्यूमकडे परत येऊ.