ठिपक्यांचे व्यक्तिचित्र

छायाचित्रातील छायाप्रकाश शाईच्या एकाच आकाराच्या ठिपक्यांत उतरवून केलेले चित्र. वृत्तपत्राच्या छपाईत ठिपक्यांमधले अंतर सारखे राहते आणि आकार बदलतो. इथे नेमके उलटे असते.

नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–१९७२) यांचे एखादे जुने कृष्णधवल छायाचित्र घेतले, तर आधी छटांचे चार-पाच टप्पे पाडावेत. ०.३ मिमी पेनाचा ठिपका सुमारे ०.०७ चौ.मिमी जागा व्यापतो. कपाळावरच्या दहा टक्के छटेसाठी दोन ठिपक्यांत सरासरी ०.८४ मिमी अंतर लागते. हनुवटीखालच्या चाळीस टक्क्यांसाठी ०.४२ मिमी. म्हणजे काळेपणा चौपट हवा तर अंतर निम्मे करायचे, चौथाई नव्हे. नवशिक्याची गडद जागा इथेच काळीठिक्कर होते. निम्म्याहून गडद छटेत ठिपके एकमेकांना चिकटू लागतात, तेव्हा बुबुळासारखी जागा सरळ भरून टाकलेली बरी.

अंतर सरासरीने पाळावे, ओळीने नव्हे. ओळ धरली की गालावर नसलेल्या सुरकुत्या दिसतात. पेन तिरका धरला की ठिपक्याला शेपूट फुटते. चित्र हातभर लांब धरून डोळे किलकिले केले की दोन्ही दोष कळतात. वर्तमानपत्रातले कात्रण मात्र मूळ म्हणून घेऊ नये. त्यातले छपाईचे ठिपके मोठे करताना छटांत मिसळतात.