नियतीचे प्रेम की नियतीवरचे?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत पाळी सुटली की तरुणांच्या दंडांवर देवाच्या नावाशेजारी लॅटिन वचनेही गोंदलेली दिसतात. 'मेमेंतो मोरी' त्यांतले लाडके. (मराठीत ते न्हाणीच्या मोरीशी जाऊन भिडते, त्याला इलाज नाही.) त्याचा अर्थ 'मृत्यूचे स्मरण' असा सांगतात. पण मृत्यूला लॅटिन नाम 'मोर्स' आहे. 'मोरी' हे क्रियापद, आणि 'मेमेंतो' ही एकालाच केलेली आज्ञा: तुला मरायचे आहे, ध्यानात ठेव.

'अमोर फाती'त मात्र आज्ञा नाही, क्रियापदच नाही. 'अमोर' म्हणजे प्रेम, 'फाती' ही 'फातुम'ची, म्हणजे नियतीची षष्ठी. शब्दशः 'नियतीचे प्रेम'. मराठीत 'आईचे प्रेम' म्हटले की प्रेम करणारी आई असते. इथे नियती प्रेम करत नाही, तिच्यावर आपण करायचे. म्हणून 'नियतीवरचे प्रेम' हेच भाषांतर बरोबर.

हे वचन रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या नावावर सर्रास खपवले जाते. त्याने आपले चिंतन लिहिले ग्रीकमध्ये. विचार त्याच्या जवळचा, पण हा शब्दप्रयोग रूढ केला जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने, 1882 साली. तो प्राचीन भाषांचा प्राध्यापक होता. प्रकृतीमुळे 1879 मध्ये नोकरी सोडावी लागली. जिनोआत, जानेवारीत, नववर्षाचा संकल्प म्हणून त्याने हे दोन शब्द लिहिले: जे अटळ आहे त्यातले सौंदर्य पाहायला शिकेन. 'झाले ते बरेच झाले' एवढे सोपे समाधान त्यात नाही. शिकणे अजून व्हायचे आहे.