प्रस्तावनेचा उंबरठा

आपल्या बरोबरीच्या माणसाच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणे हे मोठे अडचणीचे काम आहे. भीड आड येते. मग लिहिणारा प्रत्येक प्रकरणाचा गोषवारा देतो, वर चार विशेषणे ठेवतो आणि मोकळा होतो. कोणी दुखावत नाही हे खरे. पण वाचकाला पुस्तक उघडायचे कारणही उरत नाही.

१९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली, तेव्हा आचार्य अत्र्यांनी तिला प्रस्तावना लिहिली. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी निवर्तल्या होत्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी, म्हणजे अत्र्यांचे व्यवसायबंधूच. आपल्या आईची गाणी लोकांपुढे ठेवावीत की नाही, असा त्यांना संकोच होता. अशा वेळी स्नेह्याची स्तुती करून वेळ निभावणे सोपे होते. आणि ‘झेंडूची फुले’ लिहून कवींची थट्टा करणाऱ्या अत्र्यांच्या तोंडची नुसती स्तुतीही गाजली असती.

परंतु अत्र्यांनी आधी वाचकाच्या मनातल्या शंका ओळखल्या. ही बाई कोण? जळगावजवळच्या आसोद्याची, शेतात राबणारी, अक्षरओळख नसलेली. मग गाणी कागदावर आली कशी? घरच्यांनी ऐकून उतरून घेतली. एवढे सांगितल्यावाचून खानदेशाबाहेरच्या वाचकाला ती बोली परकी वाटली असती, आणि निरक्षर बाईच्या नावावर कोणी दुसऱ्यानेच लिहिले की काय, असा संशयही आला असता. त्यानंतर अत्र्यांनी निवडक ओळी वाचकाच्या हाती दिल्या. शितावरून भाताची परीक्षा त्याने स्वतःच करावी!

या रीतीलाही एक धोका आहेच. वही कशी सापडली ही हकीकत पुष्कळांना पाठ असते; गाणी मात्र शाळेच्या पुस्तकात होती तेवढीच. उंबरठा फार सुंदर झाला की पाहुणा तिथेच बसतो.

आता आमच्या सोलापूरचेच घ्या. शाळेतल्या एखाद्या सहकाऱ्याने १९३० सालच्या मार्शल लॉवर पुस्तक लिहिले, तर प्रस्तावनेत काय असावे? मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेले, हे गावातले पोरही जाणते. ती कथा पुन्हा सांगू नये; ती लेखकाची आहे. लेखकाने कोणते दप्तर चाळले, कोणत्या म्हाताऱ्यांच्या आठवणी टिपल्या, त्या दोहोंचा मेळ कोठे बसला नाही आणि आजवरच्या माहितीत त्याने नवे काय घातले, ते सांगावे. त्यातला एखादाच प्रसंग अर्धा दाखवावा. जिथे त्याचा पुरावा तोकडा पडतो, तेही सौम्य शब्दांत नमूद करावे. त्याने बाकीच्या शिफारशीला वजन येते.

लिहून झाल्यावर एक कसोटी लावावी. पुस्तकाचे नाव झाकून मजकूर वाचावा. तो दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाला चालत असेल, तर कागद खुशाल फाडावा आणि पुस्तक पुन्हा वाचायला घ्यावे.