टोरांटोचं बाळ आणि आईच्या वेदनेची गोळी

या भागाचा विषय ताईमुळे सुचला. गेल्या वर्षी तिचं सिझेरियन झालं. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर पॅरासिटामॉलच्या खाली ट्रॅमाडॉल लिहिलं होतं, 'दुखल्यास दिवसातून दोनदा' असं. ताईने फोटो काढून मला पाठवला आणि विचारलं, "अरे, ही गोळी घेतली की मला नुसती पेंग येते. बाळाला पाजते मी, चालेल ना?" मी डॉक्टर नाही, इतिहास वाचणारा माणूस. तिला म्हटलं, डॉक्टरांना फोन लाव. मी मात्र तिच्या प्रश्नाच्या मागे लागलो आणि थेट 2005 सालच्या टोरांटोत जाऊन पोचलो.

त्या वर्षी एप्रिलमध्ये तिथे एक बाळ जन्मलं. पूर्ण दिवसांचं, निरोगी. बाळंतपणात आईला टाके पडले होते, म्हणून तिला कोडीन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्या दिल्या गेल्या. एका गोळीत 30 मिलिग्रॅम कोडीन, दोन-दोन गोळ्या दिवसातून दोनदा. पहिल्याच दिवसांत आईला गुंगी आणि बद्धकोष्ठता जाणवली, म्हणून दुसऱ्या दिवसापासून तिचा डोस निम्मा केला. म्हणजे दिवसाला साधारण 60 मिलिग्रॅम कोडीन. त्या काळी यात कुणालाच काही वावगं वाटलं नसतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2001 सालच्या यादीत कोडीन 'स्तनपानात साधारणपणे चालतं' या गटातच ठेवलं होतं.

सातव्या दिवशी बाळ सुस्त वाटू लागलं, मधूनमधून नीट दूध ओढेना. अकराव्या दिवशी नेहमीच्या तपासणीला नेलं तेव्हा वजन जन्माच्या वेळेइतकं भरलं होतं. नवजात बाळाचं वजन आधी थोडं उतरतं आणि मग भरून येतं, त्यामुळे वजन भरणं म्हणजे सगळं ठीक, असंच कुणालाही वाटेल. बाराव्या दिवशी बाळाचा रंग राखाडी दिसला आणि दूध पिणं आणखी कमी झालं. तेराव्या दिवशी ते गेलं.

शवविच्छेदनात बाळाच्या रक्तात मॉर्फिन सापडलं, मिलिलीटरमागे 70 नॅनोग्रॅम. कोडीन घेणाऱ्या आयांच्या बाळांमध्ये तोवर जास्तीत जास्त 2.2 इतकं मोजलं गेलं होतं. आईने दहाव्या दिवशी काढून फ्रीजरमध्ये ठेवलेलं दूध तपासलं, त्यात 87 नॅनोग्रॅम निघालं.

आई घेत होती कोडीन, मग मॉर्फिन कुठून आलं? कोडीन स्वतः फारसं काम करत नाही. आपलं यकृत त्यातला थोडासा भाग, साधारण दहा टक्क्यांपर्यंत, मॉर्फिनमध्ये बदलतं आणि वेदना शमते ती त्या मॉर्फिनमुळे. हे काम करणाऱ्या एन्झाइमचं नाव आहे सीवायपी2डी6. ते बनवणाऱ्या जनुकाच्या बहुतेकांकडे दोन प्रती असतात. काहींकडे तीन किंवा जास्त असतात आणि अशा माणसाच्या अंगात त्याच गोळीतून जास्त मॉर्फिन तयार होतं, तेही झटपट. टोरांटोच्या या आईकडे तीन प्रती निघाल्या. असे लोक सगळीकडे सारखे नसतात. इथिओपियात आणि उत्तर आफ्रिकेत ते चौथ्या हिश्श्यापर्यंत सापडतात, इतरत्र बरेच कमी. चेहऱ्यावरून मात्र ते ओळखता येत नाही.

2006 साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात हे प्रकरण छापून आलं. मुख्य लेखक होते टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयातले गिडियन कोरेन. त्यांनी सांगितलेली गोष्ट सरळ होती: आईचं जनुक वेगळं, म्हणून दुधात मॉर्फिन जास्त, म्हणून बाळाला विषबाधा. 2007 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, जाहीर इशारा दिला. 2017 साली त्याच एफडीएने आणखी कडक शब्दांत सांगितलं की कोडीन किंवा ट्रॅमाडॉल चालू असताना स्तनपानाची शिफारस नाही. ट्रॅमाडॉललाही जोर येतो तो याच एन्झाइममुळे. ताईच्या कागदावरचा शब्द असा या गोष्टीत येतो.

मी इथेच थांबलो असतो तर भाग सोपा झाला असता. पण टोरांटोतलेच एक औषधतज्ज्ञ डेव्हिड जुरलिंक आणि त्यांचे सहकारी म्हणू लागले की हा हिशेब जुळत नाही. त्यांचा मुद्दा समजायला शाळेचं गणित पुरतं, करून बघू.

बाळ साडेतीन किलोचं धरू. या वयाचं बाळ दिवसाला किलोमागे 150 मिलिलीटरच्या आसपास दूध पितं, म्हणजे 525 मिलिलीटर. प्रत्येक मिलिलीटरमध्ये 87 नॅनोग्रॅम, म्हणजे दिवसभरात पोटात गेलं सुमारे 46 हजार नॅनोग्रॅम. ऐकायला प्रचंड वाटतं, पण ते होतात 0.046 मिलिग्रॅम. आता रुग्णालयात नवजात बाळाला वेदनेसाठी शिरेतून मॉर्फिन देतात तेव्हा एक डोस किलोमागे 0.05 मिलिग्रॅमच्या घरात असतो, म्हणजे या बाळासाठी 0.175. थोडक्यात, दिवसभराच्या दुधातून गेलं ते एका डोसच्या जेमतेम पाव भाग. तेही तोंडावाटे, ज्यातलं बरंचसं रक्तात पोचतच नाही. एवढ्याशा मात्रेतून 70 चा आकडा येणं फार अवघड आहे. बाळाचं शरीर मॉर्फिन हळू बाहेर टाकतं आणि ते साठत जातं हे खरं, पण तेवढ्याने ही दरी भरत नाही, असं टीकाकारांचं म्हणणं.

याच दरम्यान कोरेन यांच्या प्रयोगशाळेचं नावही डागाळलं होतं. तिथे होणाऱ्या केसांच्या ड्रग-चाचण्यांवरून मुलांचा ताबा कुणाकडे द्यायचा असे निर्णय झाले होते, आणि 2015 साली एका स्वतंत्र चौकशीने त्या चाचण्या त्या कामासाठी अपुऱ्या ठरवल्या. 2020 साली कॅनडातल्या दोन नियतकालिकांनी याच बाळाच्या प्रकरणावरचे लेख मागे घेतले.

मग 2023 साली जुरलिंक यांच्याच गटाचा मोठा अभ्यास 'बीएमजे'मध्ये आला. ऑन्टॅरियो प्रांतातल्या साडेआठ लाखांहून जास्त बाळंतपणांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. घरी जाताना कोडीनसारख्या अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्या घेतलेल्या आया आणि न घेतलेल्या आया, दोघींच्या बाळांना पहिल्या महिन्यात रुग्णालयात भरती करावं लागण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: या गोळ्या बहुतेक थोड्याच दिवसांच्या होत्या. महिनाभर रोज घेतलं तर काय, याचं उत्तर या अभ्यासात नाही.

मग बाळाला आईच्या गोळीची गुंगी येते हेच खोटं का? नाही. त्या एका मृत्यूचं स्पष्टीकरण वादात आहे. दुधातून औषध जातं आणि काही बाळं त्याने पेंगुळतात, हे वादात नाही. माझं मत विचाराल तर घबराट जास्त झाली, पण काळजी योग्यच होती.

आणि त्या काळजीला एक वेळापत्रक आहे, ते मला फारच महत्त्वाचं वाटलं. पहिले दोन-तीन दिवस आईला चिकाचं दूध येतं, अगदी चमचा-चमचा, त्यामुळे औषधही कणभर जातं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध भरतं आणि बाळाच्या पोटात जाणारं औषधही वाढतं. रोजची गोळी चालूच असेल आणि बाळाचं यकृत अजून कच्चं असेल, तर साठा चढत जातो. म्हणजे धोका दिसतो तो रुग्णालयातून घरी आल्यावर, जेव्हा तपासायला नर्स नसते. म्हणूनच अशा गोळ्या द्यायच्याच तर कमीत कमी डोस आणि दोन-तीन दिवसच, असा सल्ला आता दिला जातो. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन स्तनपानात पहिल्या पसंतीची, कारण ती दुधात फार कमी उतरतात आणि गुंगी आणत नाहीत.

गरोदरपणात गणित थोडं वेगळं. तिथे औषध नाळेतून थेट जातं. शेवटच्या आठवड्यांत आई डायझेपामसारखी झोपेची किंवा चिंतेची गोळी नियमित घेत असेल, तर नाळ कापल्यावर बाळाकडे साठा उरतो आणि आईचं शरीर तो काढून टाकायला मदतीला नसतं. असं बाळ लुळं पडतं, चोखण्यात जोर नसतो, अंग गार पडतं. पण म्हणून फिट्स किंवा मानसिक आजाराची गोळी स्वतःहून एकदम बंद करायची नाही. त्याने आई आणि बाळ दोघांना धोका होतो. डॉक्टरांना आधीच सांगायचं, म्हणजे जन्मानंतर बाळावर लक्ष ठेवलं जातं.

आता ताईचा खरा प्रश्न: बाळ तर दिवसभर झोपतंच, मग गुंगी ओळखायची कशी? सोळा-सतरा तास झोपणं नॉर्मल आहे. पण निरोगी बाळ दोन-तीन तासांनी भुकेने उठतं, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. दुपटं सोडा, लंगोट बदला, तळपाय चोळा. नुसतं झोपलेलं बाळ कुरकुरतं, हातपाय आखडतं आणि छातीशी धरलं की चोखतं. गुंगीतलं बाळ उचललं तर चिंधीसारखं लोंबतं, दोनदा ओढून पुन्हा झोपतं, रडणंही क्षीण होतं. लंगोट कमी ओले होतात. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा: 30 ते 60 ठीक. त्याहून कमी असतील, मध्ये लांब खंड पडत असेल, किंवा ओठ-चेहरा निळा-राखाडी दिसत असेल, तर गुगल करत बसू नका. 108 लावा आणि आईच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. अशी सुस्ती काविळीनेही येते, जंतुसंसर्गानेही येते, आणि तिन्हींसाठी दवाखानाच लागतो. आणि हो, आईला स्वतःलाच गोळीने जबर पेंग येत असेल तर बाळाकडे जास्त लक्ष हवं. टोरांटोच्या आईलाही पहिल्या दिवसांत गुंगी होतीच.

हे सगळं वाचताना मला आपल्या गिरणगावातली बाळगोळी आठवत होती. आया पाळीवर जाताना बाळ शांत झोपावं म्हणून अफूची गोळी देत. अफूत मॉर्फिनही असतं आणि कोडीनही. शांत बाळ म्हणजे शहाणं बाळ, असं त्या काळीही म्हणत असतील.

ताईच्या डॉक्टरांनी फोनवर तिची पेंग ऐकली आणि ट्रॅमाडॉल थांबवून पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळांना घ्यायला सांगितलं, दुखायची वाट न बघता. ती म्हणाली टाके दुखतात, पण सहन होतं. पाचव्या रात्री भाचा दर दोन तासांनी उठून रडत होता. ताई वैतागली होती, आई मात्र पाळण्याशेजारी बसून लंगोट मोजत होती.