वर्तुळाचं झालं लंबवर्तुळ

रबराच्या चादरीवर एक छोटं वर्तुळ काढा आणि चादर तिरकी ताणा. वर्तुळाचं लंबवर्तुळ होईल. त्याचे दोन अक्ष आधी एकमेकांना काटकोनात होते आणि ताणल्यावरही काटकोनातच राहतात. या दोन दिशांतल्या विकृती म्हणजेच मुख्य विकृती. ही कल्पना फ्रेंच गणितज्ञ कोशीची. शेर्बुर बंदराच्या बांधकामावर काम केलेल्या या माणसाने १८२० च्या दशकात ती मांडली.

पुढे १८८२ साली जर्मन अभियंता ओटो मोर याने कोशीची समीकरणं एका वर्तुळात बसवली. हा मूळचा रेल्वे आणि पूल बांधणारा, त्यामुळे आकडेमोडीपेक्षा त्याला आकृती जवळची वाटली असावी!

पण पोलादी पत्र्यावर वर्तुळ काढून काही दिसत नाही, बदल फार बारीक असतो. तो मोजणं सोपं झालं १९३८ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत सिमन्स आणि रूज यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, चिकटवायची तार वापरून स्ट्रेन गेज तयार केला. तार ताणली की तिचा विद्युत रोध वाढतो. मात्र गेजला फक्त त्याच्या दिशेतली लांबीची वाढ कळते, कोनातला बदल कळत नाही. म्हणून एकाच जागी ०, ४५ आणि ९० अंशांत तीन गेज लावतात.

समजा, त्यांची वाचनं आली ६००, ५५० आणि २०० (दहा लाख भागांत इतके भाग वाढ). पहिल्या व तिसऱ्याची सरासरी ४००, हे मोरच्या वर्तुळाचं केंद्र. त्या दोघांतल्या फरकाचा निम्मा भाग २००. मधल्या गेजचं वाचन सरासरीपेक्षा १५० ने जास्त आहे, ही कर्तन विकृतीची निम्मी किंमत. म्हणजे कर्तन विकृती ३००. आता २०० आणि १५० या बाजूंचा काटकोन त्रिकोण घ्या, कर्ण २५०. ही त्रिज्या. मुख्य विकृती झाल्या ६५० आणि १५०. त्रिकोणातला कोन सुमारे ३७ अंश, पण वर्तुळावरचे कोन दुप्पट असतात. म्हणून पत्र्यावर मोठी विकृती पहिल्या गेजपासून मधल्या गेजकडे १८.४ अंशांवर.

विद्यार्थी हमखास चुकतात ते १५० ऐवजी अख्खे ३०० घेऊन. अभियंते कर्तन विकृती म्हणून काटकोनात झालेला पूर्ण बदल मोजतात. वर्तुळाला त्याचा अर्धाच लागतो. चुकीच्या हिशेबात उत्तरं सुमारे ७६१ आणि ३९ येतात. त्यांची बेरीज ८००, बरोबर उत्तरांचीही ८००! त्यामुळे बेरजेच्या पडताळ्यात चूक पकडली जात नाही. त्यापेक्षा वर्तुळावरून ४५ अंशांची विकृती परत काढावी. चुकीचं वर्तुळ ७०० सांगेल, गेज मात्र ५५० दाखवत असतो.

हे सगळं पत्र्याच्या पृष्ठभागापुरतं, आणि विकृती बारीक असेपर्यंतच. पत्रा दोन्ही दिशांनी ताणला की जाडीत आकसतो. ती तिसरी मुख्य विकृती या तीन गेजना दिसत नाही.