दंतोपचारापूर्वी हृदयविकारग्रस्त बालकास द्यावयाची अमॉक्सिसिलिनची एकल मात्रा

हृदयविकार असलेल्या काही बालकांना विशिष्ट दंतोपचारांपूर्वी प्रतिबंधक उपाय म्हणून अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक तोंडाने एकदाच दिले जाते. मात्रा बालकाच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे ५० मिलिग्रॅम असते व ती कधीही २ ग्रॅमपेक्षा अधिक नसते. औषध उपचाराच्या ३० ते ६० मिनिटे आधी द्यावयाचे असते. हृदयाच्या आतील अस्तराला किंवा झडपांना होणारा जंतुसंसर्ग, म्हणजेच एंडोकार्डायटिस, टाळणे हा त्यामागील हेतू होय.

दात काढताना किंवा हिरडीवर काम करताना तोंडातील स्ट्रेप्टोकोकाय जातीचे जीवाणू काही काळ रक्तात उतरतात. निरोगी हृदयात त्यांना थारा मिळत नाही. मात्र कृत्रिम झडपेवर, किंवा रक्ताचा जोराचा झोत सतत आदळून खरखरीत झालेल्या अस्तरावर, ते चिकटून वाढू शकतात.

कोणत्या बालकांसाठी

प्रत्येक हृदयविकारात ही मात्रा लागत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये पात्रतेची यादी बरीच आखडती केली आणि २०२१ मध्ये ती कायम ठेवली. कृत्रिम झडप बसवलेली किंवा झडपेच्या दुरुस्तीत कृत्रिम साहित्य वापरलेली, पूर्वी एंडोकार्डायटिस होऊन गेलेली, आणि शस्त्रक्रियेने दुरुस्त न झालेला नीलवर्णी जन्मजात विकार असलेली बालके तीत येतात. नीलवर्णी विकारात केवळ तात्पुरता शंट घातला असला तरी बालक यादीतच राहते. कृत्रिम साहित्य वापरून छिद्र पूर्ण बंद केले असल्यास पहिल्या सहा महिन्यांपुरतीच मात्रा लागते. पॅचच्या कडेने गळती उरली असल्यास त्यानंतरही लागते. हृदयप्रत्यारोपणानंतर झडपेचा दोष निर्माण झालेली बालकेही पात्र ठरतात. शस्त्रक्रिया न झालेले लहान निलय-पट छिद्र मात्र या यादीत नाही, आणि पालकांचा गोंधळ बहुधा येथेच होतो.

उपचारही हिरडीला, दाताच्या मुळाच्या टोकाला किंवा तोंडातील त्वचेला इजा करणारा असावा लागतो. क्ष-किरण चित्रण, तारांची जुळवणी किंवा दुधाचा दात आपोआप पडणे यांसाठी औषध दिले जात नाही.

मात्रेची गणना

फॅलोटची टेट्रालॉजी हा विकार असलेल्या, अद्याप शस्त्रक्रिया न झालेल्या एका चार वर्षांच्या मुलीची किडलेली दाढ काढावयाची आहे असे समजू. त्या दिवशी तिचे वजन १४ किलोग्रॅम भरले. १४ गुणिले ५० म्हणजे ७०० मिलिग्रॅम ही तिची मात्रा झाली.

आता मिलिग्रॅमचे मिलिलिटर करावे लागतात, आणि चूक होण्याचा धोका येथे सर्वाधिक असतो. भारतात अमॉक्सिसिलिनचे ड्राय सिरप सामान्यतः दोन तीव्रतांमध्ये मिळते. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम औषध असते, म्हणून मुलीला १४ मिलिलिटर द्यावे लागेल. (या तीव्रतेत वजनाचा आकडा आणि मिलिलिटरचा आकडा एकच येतो; पडताळणीला ही सोय चांगली.) ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेली बाटली घेतल्यास मात्र २८ मिलिलिटर लागतील. बाटली बदलली आणि आकडा तोच राहिला, तर मुलीला निम्मेच औषध मिळते आणि बाहेरून ते कोणाच्याही लक्षात येत नाही. म्हणून चिठ्ठीवर वजन, मिलिग्रॅम, सिरपची तीव्रता आणि मिलिलिटर या चारही गोष्टी लिहिणे हितावह असते. भुकटीत खुणेपर्यंत पाणी घालून बाटली नीट हलवावी व माप घरच्या चमच्याऐवजी सिरिंजने घ्यावे.

हे प्रमाण घशाच्या किंवा कानाच्या संसर्गात एका वेळी दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या मात्रेहून बरेच मोठे असते. त्यामुळे ते चुकीचे समजून पालक, क्वचित औषधविक्रेतेही, कमी करू पाहतात. वरची मर्यादा ४० किलोग्रॅमला गाठली जाते: ४६ किलोग्रॅमच्या मुलाचे गणित २३०० मिलिग्रॅम येते, तरी त्याला २००० मिलिग्रॅमच दिले जातात. सहा तासांनी दुसरी मात्रा देण्याची जुनी पद्धत १९९७ मध्येच वगळण्यात आली.

विशेष परिस्थिती

भूल देण्यासाठी बालकास उपाशी ठेवले असल्यास, किंवा ते तोंडाने औषध घेऊ शकत नसल्यास, अँपिसिलिन त्याच प्रमाणात शिरेतून किंवा स्नायूत दिले जाते. बालक आधीपासून अमॉक्सिसिलिन घेत असल्यास तोंडातील जीवाणू त्याला दाद न देणारे झालेले असू शकतात. अशा वेळी मात्रा वाढवली जात नाही, तर वेगळ्या गटातील औषध निवडले जाते किंवा शक्य असल्यास औषध संपल्यानंतर किमान दहा दिवस उपचार पुढे ढकलला जातो.

पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास अझिथ्रोमायसिन किलोग्रॅममागे १५ मिलिग्रॅम, कमाल ५०० मिलिग्रॅम, हा एक पर्याय आहे. पूर्वी सर्रास दिले जाणारे क्लिंडामायसिन २०२१ पासून सुचवले जात नाही, कारण त्याच्या एका मात्रेनेही आतड्याचा गंभीर विकार उद्भवू शकतो.

मात्रा द्यावयाची अनवधानाने राहून गेली, तर उपचारानंतर दोन तासांपर्यंत ती देता येते.