नाकावरचा पांढरा पट्टा आणि आपला सावळा चेहरा

१९९०च्या सुमारास टीव्हीवर क्रिकेट पाहिलं असेल, तर परदेशी खेळाडूंच्या नाकावरचे पांढरे पट्टे आठवत असतील. ते होतं झिंक ऑक्साईड, म्हणजे जस्ताची पांढरी भुकटी, मलमात कालवलेली. ती उन्हाची भाजणारी किरणं अडवते, पण डोळ्यांना दिसणारा उजेडही परतवते, म्हणून पांढरी दिसते. गोऱ्या कातडीवर ती फारशी डोळ्यांत भरत नाही. आपण लावली, की राख फासल्यासारखं होतं.

सनस्क्रीन वाढलं ते गोऱ्यांच्या देशांत. ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ ग्रायटर यांनी १९४६ साली काढलेलं क्रीम बर्फाच्या डोंगरावर जाणाऱ्यांसाठी होतं. सावळ्या गालावर ते कसं दिसेल, हा प्रश्न तिथे कुणाला पडणार? पुढे भुकटी बारीक दळली, तसा पांढरेपणा कमी झाला. तरी काळ्या कातडीवर निळसर-करडी झाक राहिलीच.

गंमत म्हणजे तोड जुनीच आहे. खाजेवरचं गुलाबी कॅलामाईन लोशन आठवा. तेही जस्ताचीच पांढरी भुकटी. गुलाबी होतं ते चिमूटभर आयर्न ऑक्साईडने. गेरूचा लाल रंगही त्याचाच. टिंटेड सनस्क्रीनमध्ये त्याचे लाल, पिवळे, काळे रंग मिसळून कातडीशी जुळणारा तपकिरी रंग करतात. (म्हणून तोंडाला गेरू फासू नका, आणि कॅलामाईन हे सनस्क्रीन नव्हे.)

समजा, खुरपणीला जाणाऱ्या एखादीच्या गालांवर वांग आहेत. दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होतात, आणि तो उजेड आयर्न ऑक्साईड अडवतं. तिने टिंटेडच घ्यावं. घटकांच्या यादीत आयर्न ऑक्साईड किंवा ७७४९१, ७७४९२, ७७४९९ यांतले आकडे शोधावेत. नमुना हातावर नको, जबड्याच्या कडेला लावावा, दहा मिनिटं वाळू द्यावा आणि दुकानाबाहेर उजेडात पाहावा. ट्यूबलाइटखाली करडेपणा लपतो. रंग मानेपेक्षा फिका वाटला तर गडद छटा मागावी. ‘टिंटेड’ म्हणून विकलेलं पुष्कळदा गोऱ्यांच्याच मापाचं असतं.

वांग नसतील, तर जेल चालेल. पारदर्शक जेलमध्ये भुकटी नसते, किरणं शोषणारी रसायनं विरघळवलेली असतात, म्हणून पांढरं काही उरत नाही. पण दिसणारा उजेड ते अडवत नाही, आणि घामाबरोबर डोळ्यांत उतरलं की चुरचुरतं. कपाळावर बेतानेच लावा.

करडेपणाच्या धास्तीने बाया बोटाच्या टोकाएवढंच लावतात, तिथेच उपयोग संपतो. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. उन्हात असाल तर दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर, पुन्हा लावायचं. पदर किंवा टोपी मात्र सोडू नका.